मेंब्रेन गेलं, म्हणजे नेमकं काय झालं?

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या एका इंग्रजी सर्व्हिस पुस्तिकेचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. त्यातलं एक वाक्य असं होतं : 'उत्पादित जलातील एकूण विद्राव्य घनपदार्थांचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास व्यस्त परासरण पटल पुनर्स्थापित करावे.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात खोट नाही. पण 'पुनर्स्थापित करणे' म्हणजे काढलेली वस्तू पुन्हा जागेवर बसवणे. वाक्य शब्दशः पाळणारा मुलगा मेंब्रेन काढेल, पुसेल आणि तेच परत घालेल. मूळ पुस्तिकेला म्हणायचं होतं, जुनं टाकून नवीन घाला.

हा मजकूर ज्यांच्यासाठी असतो ती मुलं दुचाकीवर पाठपिशवी घेऊन दिवसभर घरोघर फिरतात. कुणी आयटीआय केलेलं असतं, कुणी दहावीनंतर एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली शिकलेलं. यंत्र उघडून बसलेलं असताना, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून त्यांना दोन ओळी वाचायच्या असतात. त्यांच्यासाठी मराठी कार्डं तयार करताना मी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाकली. सुट्या भागांच्या नावांना हात लावायचा नाही. मेंब्रेन, कार्बन, स्पन, हाउसिंग, एफआर ही नावं खोक्यावर छापलेली असतात, दुकानात याच नावांनी माल मागितला जातो आणि फोनवरही हेच बोललं जातं. 'प्रवाह नियंत्रक द्या' म्हटलं तर काउंटरवरचा माणूस गोंधळेल, 'एफआर साडेचारशे' म्हटलं की मिनिटाला साडेचारशे मिलिलिटर पाणी सोडणारा तुकडा हातात येतो. मराठीची खरी गरज आहे ती पाण्याचं आत काय होतं, हाताने काय करायचं आणि आकडा दिसल्यावर काय समजायचं, हे सांगायला.

सगळ्यात जास्त घोटाळा 'टीडीएस'वर होतो. शब्दकोशातलं भाषांतर 'एकूण विद्राव्य घनपदार्थ'. त्यातला 'घनपदार्थ' हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर माती, कचरा, तरंगणारे कण येतात. ग्राहकाच्याही येतात आणि नव्या मेकॅनिकच्याही. प्रत्यक्षात टीडीएस म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेले, डोळ्याला मुळीच न दिसणारे क्षार : कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट. बोअरचं पाणी काचेच्या पेल्यात आरपार नितळ दिसतं आणि मीटर त्यात ९०० दाखवतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी चहासारखं दिसत असलं, तरी त्याचा आकडा शंभराच्या आत असू शकतो. कारण खिशातला टीडीएस मीटर कण मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते तो मोजतो आणि त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार असतील याचा अंदाज दाखवतो. वीज वाहते ती विरघळलेल्या क्षारांमुळे. मातीच्या कणांचा त्यात काही हात नसतो.

म्हणून कार्डावर मी दोन शब्द समोरासमोर ठेवले : 'गाळ' आणि 'विरघळलेले क्षार'. गाळ अडवतो तो स्पन, म्हणजे पांढऱ्या दोऱ्याच्या गुंडाळीसारखा दिसणारा पहिला फिल्टर. वास आणि क्लोरीन धरतो कार्बन. विरघळलेले क्षार अडवतं फक्त मेंब्रेन. एवढं पक्कं बसलं की ग्राहकाच्या तक्रारीतूनच अर्धं निदान होतं. 'पाणी गढूळ येतंय' असं कुणी म्हणालं तर हात आधी स्पनकडे जातो, 'पाणी मचूळ लागतंय' म्हणालं तर मीटरकडे. मचूळ हा शब्द कुठल्याही पुस्तिकेत मला भेटला नाही. पण क्षार वाढलेल्या पाण्याची चव सांगणारा याहून नेमका शब्द आपल्याकडे नाही, म्हणून तो कार्डावर घेतला.

'जड पाणी' या शब्दाशी मात्र जपून वागावं लागतं. बोअरच्या पाण्याला लोक जड म्हणतात, ते त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' म्हणतात आणि 'जड पाणी' हे नाव अणुभट्टीतल्या पाण्यासाठी राखलेलं असतं. कार्डावर मी 'जड'च ठेवलं, कारण स्वयंपाकघरात अणुभट्टी नसते. शेजारी एवढं लिहिलं की जडपणा हा टीडीएसचा एक भाग आहे, आणि मेंब्रेनवर पांढरा थर धरतो तो याच भागामुळे.

टीडीएसचं भाषांतर 'अशुद्धी' किंवा 'घाण' असं करणारी पत्रकंही मी पाहिली आहेत. ते सरळ चुकीचं आहे आणि त्यातून नुकसान होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला आहे. फ्लोराइडची मर्यादा मात्र १ मिलिग्रॅम, आणि पर्याय नसेल तर दीड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे. तिथल्या पाण्याचा टीडीएस ४०० आला म्हणून 'पाणी चांगलं आहे' असं सांगणारा मेकॅनिक त्या घराला फसवतो, त्याच्या मनात तसं नसलं तरी. एकूण चारशेतले दोन मिलिग्रॅम फ्लोराइड मीटरला वेगळे दिसत नाहीत, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत. कार्डावर यासाठी एक ओळ ठळक आहे : 'मीटर क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही.'

आता 'रिजेक्शन'. इंग्रजी पुस्तिकेत हा शब्द आणि त्याचा भाऊ 'रिजेक्ट' एकाच पानावर दोन वेगळ्या अर्थांनी येतात. मेंब्रेनने किती टक्के क्षार अडवले ते रिजेक्शन. ते जितकं जास्त तितकं चांगलं. नळीतून मोरीत जातं ते रिजेक्ट पाणी. ते जितकं जास्त तितकी पाण्याची नासाडी. दोन्हींसाठी 'नाकारलेले प्रमाण' लिहिलेला अनुवाद मी पाहिला आहे. तो वाचून चांगल्या मेंब्रेनला वाईट ठरवणं सहज शक्य आहे. माझ्या कार्डावर पहिल्यासाठी 'क्षार अडवण्याचं प्रमाण' असं आहे आणि दुसऱ्यासाठी 'सोडलेलं पाणी'. मेकॅनिक बोलताना 'वेस्ट'च म्हणतात, म्हणायला हरकत नाही. फक्त कागदावर दोन गोष्टींना एक नाव नको.

हे आकडे कसे वापरायचे ते एका घराच्या उदाहरणावर दाखवतो. पुण्याच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. खडकवासल्याचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांना टीडीएसची चिंता सहसा नसते, पण इथे येणाऱ्या पाण्याचा आकडा ८२० होता. घरातल्या काकूंनी स्वतः मीटर विकत घेतलेला. यंत्राच्या तोटीखाली पेला धरून त्यांनी मोजलं तर १८८. मागच्या वर्षी ९० येत होता, हे त्यांच्या लक्षात होतं. नवा मुलगा म्हणाला, "काकू, मेंब्रेन गेलंय. बदलावं लागेल." त्याच्याबरोबर आलेल्या जुन्या मेकॅनिकने त्याला थांबवलं. "अरे, तोटीचं कशाला मोजतोस? मेंब्रेनचं मोज."

बऱ्याच यंत्रांत मेंब्रेनच्या पुढे एक छोटा स्क्रू असतो. त्याला टीडीएस कंट्रोलर किंवा ॲडजस्टर म्हणतात. तो मेंब्रेनमध्ये न गेलेलं, नुसतं कार्बनमधून आलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे चव अगदी सपक लागत नाही. तोटीला जे येतं ते हे मिश्रण. त्यांनी मेंब्रेनच्या हाउसिंगमधून निघणारी शुद्ध पाण्याची बारीक नळी सोडवली. यंत्र दहा मिनिटं चालू दिलं आणि मग पेला धरला. आकडा आला ६२.

हिशेब असा : येणाऱ्या ८२० मधून ६२ वजा केले की ७५८ उरले. म्हणजे ८२० पैकी ७५८ अडवले गेले, साधारण ९२ टक्के. घरगुती मेंब्रेन नवं असताना नव्वदीच्या वरच असतं, तेव्हा हे मेंब्रेन ठणठणीत होतं. मग १८८ कुठून आले? पाच भाग ६२ चं पाणी आणि एक भाग ८२० चं पाणी एकत्र करून पाहा, सरासरी बरोबर १८८ येते. कुणीतरी स्क्रू फिरवून ठेवला होता. तो थोडा आवळला आणि तोटीचा आकडा खाली आला. मेंब्रेनचा खर्च वाचला. ज्या घरात फ्लोराइडचं पाणी येतं तिथे मात्र हा स्क्रू पूर्ण बंद ठेवायचा, कारण मिसळलेल्या पाण्यातून फ्लोराइड न अडता थेट पेल्यात येतं. चवीपायी केलेली सोय तिथे महागात पडते.

मोरीत जाणाऱ्या नळीचंही पाणी त्यांनी मोजलं, ते १२०० च्या आसपास निघालं. मुलगा गडबडला, त्याला वाटलं यंत्र क्षार वाढवतंय. पण यंत्रात क्षार नाहीसे होत नाहीत, ते फक्त एका बाजूला ढकलले जातात. तीन लिटर पाणी आत गेलं, एक लिटर शुद्ध होऊन टाकीत गेलं आणि दोन लिटर सोडलं, तर त्या तीन लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार या दोन लिटरमध्ये कोंबले गेले. ८२० ची दीडपट १२३०, तेव्हा १२०० हा आकडा योग्यच आहे. 'व्यस्त परासरण' हा शब्द न उच्चारताही 'उलट' म्हणजे काय ते इथे समजावता येतं. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, कारण पाणी आपण होऊन पातळ बाजूकडून दाट बाजूकडे शिरतं. पंप दाब देऊन त्याला उलट, खाऱ्या बाजूकडून गोड्या बाजूकडे जायला लावतो. सोडलेलं पाणी वाहत राहिलं नाही तर मेंब्रेनवर क्षार साचत जातील. म्हणून एफआरमधून पाणी जायलाच हवं. नासाडी वाचवायची म्हणून ती नळी चिमटून ठेवणाऱ्यांची मेंब्रेनं काही महिन्यांत पांढऱ्या थराने बंद पडतात.

मेंब्रेन 'जाणं' या एका क्रियापदात मेकॅनिक दोन वेगळे बिघाड भरतात, आणि ते वेगळे करणं हे कार्डाचं सगळ्यात मोठं काम होतं. पहिला बिघाड 'तुंबणं'. गाळ, शेवाळ किंवा पांढरा क्षार यांनी मेंब्रेनचा पृष्ठभाग झाकला जातो. टाकी भरायला वेळ लागतो, मिनिटाला दोनशे मिलिलिटर येणारं पाणी ऐंशीवर येतं, टीडीएस मात्र सुरुवातीला फारसा वाढत नाही. दुसरा बिघाड 'झिजणं'. मेंब्रेनचा काम करणारा थर पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीन तो हळूहळू खातो. तेव्हा उलट चित्र दिसतं : पाणी पूर्वीपेक्षा भराभर येतं आणि टीडीएस चढतो. ग्राहक खूश असतो, टाकी लवकर भरते म्हणून.

दुसऱ्या प्रकारात नुसतं मेंब्रेन बदलून भागत नाही. क्लोरीन आत पोहोचलं याचा अर्थ त्याला अडवणारा कार्बन संपलेला आहे. जुना कार्बन ठेवून नवं मेंब्रेन घातलं तर तेही त्याच वाटेने जाईल. तुंबण्याच्या बाबतीत मेंब्रेनला दोष देण्याआधी स्पन आणि कार्बन किती चोंदलेत ते पाहायचं, कारण पाणी मागेच अडलं असेल तर मेंब्रेनपर्यंत पुरेसं पोहोचतच नाही. आणि दिवस थंडीचे आहेत का, हेही. पाणी गार झालं की मेंब्रेनमधून कमी जातं, साधारण एका अंशामागे तीन टक्के. डिसेंबरात विदर्भातून 'पाणी कमी येतंय' अशा तक्रारी आल्या तर त्यातल्या काही नुसत्या गारठ्याच्या असतात.

बदलायचं ठरलंच, तर पुस्तिकेतल्या 'पुनर्स्थापने'च्या जागी कार्डावर हातांच्या हालचाली आहेत. नळ बंद, प्लग काढा. हाउसिंगचं झाकण पान्याने फिरवून काढा, जुनं मेंब्रेन पकडीने ओढा. मेंब्रेन म्हणजे पातळ पापुद्र्यांची घट्ट गुंडाळी, मधोमध प्लास्टिकची नळी. त्या नळीच्या एका टोकाला दोन छोट्या काळ्या रबरी रिंगा असतात, ते टोक आधी आत जातं. दुसऱ्या टोकाला बाहेरून एक रुंद रबरी कडं असतं, ते झाकणाच्या बाजूला येतं. रिंगा पाण्याने ओल्या करा. तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. शेवटपर्यंत दाबून बसवा. 'नवीन मेंब्रेनही खराब निघालं' अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हीच गोष्ट असते. रिंग दुमडलेली असते किंवा टोक पूर्ण आत गेलेलं नसतं, आणि खारं पाणी फटीतून शुद्ध पाण्यात मिसळतं. म्हणून नवं मेंब्रेन परत पाठवण्यापूर्वी ते एकदा काढून पुन्हा बसवायचं. 'पुनर्स्थापित' हा शब्द इथे मात्र बरोबर बसला असता.

पुढची ओळ 'फ्लश'ची. नव्या मेंब्रेनला साठवणीत टिकवण्यासाठी औषध लावलेलं असतं. 'प्रक्षालन करावे' म्हटलं की मुलं फडका घेतात. त्याऐवजी लिहिलं : 'पहिली टाकी पूर्ण भरू द्या. ते पाणी पिऊ नका, सगळं ओतून द्या. दुसऱ्या टाकीचं पाणी मोजा.' यंत्र रात्रभर बंद असेल तर सकाळचा पहिला पेलाही मोजू नये. थांबलेल्या यंत्रात क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात आणि आकडा विनाकारण मोठा दिसतो. काही मिनिटं चालल्यावर तो खाली येतो.

उरला प्रश्न कधी बदलायचं याचा. इंग्रजीत महिने आणि लिटर दोन्ही दिलेले असतात, आणि दोन्हींपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचं असतं. मराठीत तिथे नुसतं 'किंवा' लिहिलं की ग्राहक आपल्या सोयीचं धरतो, एजन्सी आपल्या सोयीचं. कार्डावर वाक्य पूर्ण आहे : 'सहा महिने झाले किंवा सहा हजार लिटर पाणी गेलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा स्पन आणि कार्बन बदला.' हे आकडे त्या एका यंत्राचे; दुसऱ्या यंत्राचे वेगळे असतील. मेंब्रेनसाठी मात्र मी महिने लिहिलेच नाहीत. एका घरी खडकवासल्याचं पाणी, दुसऱ्या घरी मे महिन्यात रोज वेगळ्या टँकरचं. दोघांना एकच तारीख कशी देणार? त्याऐवजी यंत्राच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक पट्टी केली. तीवर तारखेपुढे तीन रकाने आहेत : येणारं पाणी, मेंब्रेनचं पाणी, आणि एका मिनिटात किती मिलिलिटर. क्षार अडवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की मेंब्रेन बदलायचं.

काकूंच्या पट्टीवर पहिली ओळ ८२०, ६२, २०० अशी आहे. समजा पुढच्या खेपेला आकडे ८४०, ११८, २३५ आले. अडवण्याचं प्रमाण ९२ वरून ८६ वर आलं, मेंब्रेन अजून मर्यादेत आहे, पण पाणी वाढलंय. मुलाने त्या दिवशी मेंब्रेनला हात लावायचा नाही. रिंगा तपासायच्या, कार्बन बदलायचा, आणि तिसरी ओळ लिहायला महिन्याभरात परत यायचं.